कानबाईचा रंग आणि मनीचे कोपरे

"आमची मनी दोन वर्षांची आहे, ऑपरेशन झालेलं आहे. दिवसभर कपाटाच्या कोपऱ्याला, दाराच्या चौकटीला आणि आमच्या पायांना डोकं नि गाल घासत असते. कानबाईच्या सणाआधी घराला रंग दिला तेव्हापासून हे फारच वाढलंय. नव्या रंगावर तपकिरी, तेलकट डाग पडतात, ते मी रोज फिनाईलनं पुसते. सासूबाई म्हणतात खाज सुटलीय, मिस्टर म्हणतात 'तिले भूक लागनी शे'. नेमकं काय आहे आणि बंद कसं करायचं?" (जामनेर)

ताई, तुम्ही दोन गोष्टी सहज लिहून गेलात, एक कानबाईआधीचा रंग आणि दुसरी रोजची फिनाईलची पुसणी. माझ्या मते सगळं उत्तर या दोन गोष्टींत आहे. मनी त्या कोपऱ्यांवर काहीतरी लावते, तुम्ही ते पुसता, म्हणून ती पुन्हा लावते. जळगावात माझा जनावरांचा दवाखाना आहे. कानबाईनंतर आणि दिवाळीनंतर ही तक्रार घेऊन येणारी घरं मी बावीस वर्षं बघते आहे. मनीला मी तपासलेलं नाही, त्यामुळे खाजेची शंका मी इथून पुसून टाकणार नाही. ती तुम्हाला घरीच कशी पडताळता येईल ते पुढे लिहिते. आधी ती काय लावते ते बघू.

मनीला जवळ घ्या आणि डोळा नि कान यांच्या मधली जागा नीट पाहा. तिथे केस विरळ दिसतील. त्या कातडीखाली तेलग्रंथी आहेत. तशाच ग्रंथी ओठांच्या कोपऱ्यात, गालांवर, हनुवटीखाली आणि शेपटीच्या बुडाशी असतात. त्यांतून एक तेलकट स्राव येतो. आपल्याला त्याचा वास जवळपास येतच नाही, मांजराला मात्र स्पष्ट येतो. मनी जेव्हा कपाटाच्या कोपऱ्यावर ओठाच्या कडेपासून कानापर्यंत गाल ओढत नेते, तेव्हा ती तो स्राव तिथे माखत असते. वस्तू उंचावर असली तर ती कपाळ लावते, नाकाच्या उंचीवर असली तर गाल, आणि पाटा किंवा चपलेसारखी खाली असली तर हनुवटी. तुमच्या घरातले डाग जमिनीपासून साधारण वीतभर, फार तर एक वीत चार बोटं उंचीवर असतील, कारण गाल तिथे पोचतो. तपकिरी रंग येतो तो त्या तेलावर धूळ बसल्यामुळे. चुन्याच्या भिंतीत तेल मुरतं, ऑइलपेंटवर ते वरच राहतं आणि चमकतं, एवढाच फरक.

१९९०च्या दशकात पात्रिक पाजा या फ्रेंच पशुवैद्यकानं मांजराच्या चेहऱ्यावरच्या या स्रावाचं बारकाईनं पृथक्करण केलं. स्रावाचे पाच वेगवेगळे प्रकार त्यांनी मांडले. त्यातल्या दोघांशी आपला संबंध आहे. तिसरा प्रकार मांजर वस्तूंवर आणि जागांवर लावतं, चौथा ओळखीच्या मांजरांवर आणि माणसांवर. म्हणजे कपाटावर घासणं आणि तुमच्या पायावर घासणं बाहेरून एकसारखं दिसलं, तरी मनीच्या दृष्टीनं ती दोन वेगळी कामं आहेत. ती वेगळी धरली की पुढचं सगळं सोपं होतं.

वस्तूंचं आधी घेते. मांजर जागा डोळ्यांनी ओळखतं तितकीच वासानं ओळखतं. रोजच्या वाटेवरचा प्रत्येक कोपरा, चौकट, पलंगाचा पाय तिनं कधी ना कधी गालानं माखलेला असतो. पुढच्या वेळी तिथून जाताना स्वतःचाच वास आला की तिला कळतं, ही जागा आपली, इथे धोका नाही. काही दिवसांत वास फिका होतो, मग जाता जाता ती पुन्हा एकदा गाल लावते. निवांत मांजराचं घासणं असं असतं: येतं, हुंगतं, दोन-तीनदा गाल ओढतं आणि पुढे जातं.

आता कानबाईच्या आधीचं आपलं घर आठवा. सामान अंगणात निघतं, भिंती खरवडल्या जातात, चुना किंवा रंग लागतो, चौकटींना ऑइलपेंट लागतो, फरशी घासूनपुसून लख्ख होते. आपल्याला घर नवं वाटतं आणि तसंच वाटायला हवं. मनीच्या नाकाला मात्र त्या दोन दिवसांत सगळं घर अनोळखी झालं. दोन वर्षांत लावलेली एकही खूण उरली नाही, वर टर्पेंटाइनचा उग्र दर्प. त्यात रोटांच्या दिवशी भाऊबंद, पाहुणे, त्यांच्या पायांना लागून आलेले दुसऱ्या घरांचे वास. हे सगळं झाल्यावर ती कामाला लागली तर नवल नाही. असं वाढलेलं घासणं सहसा दोन ते चार आठवड्यांत आपोआप उतरतं, कारण तेवढ्यात खुणा पुन्हा बसतात. तुमच्याकडे ते उतरत नाहीये, कारण रोज सकाळी फिनाईलचा बोळा फिरतो आणि तिची पाटी कोरी होते.

फिनाईलबद्दल इथेच एक गोष्ट सांगते, कारण ती डागांपेक्षा मोठी आहे. फिनॉल जातीची रसायनं शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृताला जी प्रक्रिया लागते, ती मांजरात फार दुबळी असते. ओल्या फिनाईलवरून मांजर चालतं, मग पंजे चाटतं, आणि ते पोटात जातं. काळं फिनाईल सर्वांत वाईट. पांढऱ्यातही बहुधा पाइन तेल असतं आणि तेही मांजराला सोसत नाही. लाळ गळणं, तोंड आलेलं असणं, झोकांड्या जाणं अशा तक्रारींवर मी मालकांना पहिला प्रश्न विचारते तो फरशी कशानं पुसता हा. मनी जिथे गाल लावते तिथेच फिनाईल लावणं म्हणजे ते तिच्या ओठांना लावणं आहे. ते आजपासून थांबवा.

पायांना घासणं हे दुसरं काम. शेतात, खळ्यावर एकत्र वाढलेल्या मांजरांत नीट पाहिलं तर दिसतं की भेटायला येणारं मांजर लांबूनच शेपटी उभी करतं, मग गाल, मग कुशी, मग शेपटी असं समोरच्याच्या अंगावर ओढत नेतं. पिल्लू आईशी असं करतं, लहान मांजर मोठ्याशी जास्त करतं, मोठं लहानाशी कमी. माणसाच्या बाबतीत तिच्या गालाच्या उंचीवर येतो तो तुमचा पाय, म्हणून पाय. त्यातून दोघांचा वास एकमेकांत मिसळतो आणि तुम्ही तिच्या घोळक्यातले ठरता. बाजारातून, दवाखान्यातून किंवा कुत्रं असलेल्या घरातून आलात की ती जास्त वेळ घासते, याचं कारण हेच. माझी आजी पारोळ्याकडच्या धाब्याच्या घरात राहायची. मांजर पायात आलं की ती म्हणायची, "ती तुले वळखस." पुढे शिकून मी जे वाचलं त्यात याहून वेगळं काही निघालं नाही.

तुमच्या मिस्टरांच्या भुकेच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण गंमत उलटी आहे. १९४६ साली अमेरिकेत गथ्री आणि हॉर्टन या दोन मानसशास्त्रज्ञांनी मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मांजराला पेटीत ठेवायचं, आत एक उभी दांडी, दांडी हलली की दार उघडतं आणि बाहेर खाऊ मिळतो. मांजरं दांडीला अंग घासून ती हलवायची, आणि पुन्हा पुन्हा तशीच घासायची. सुटकेची हालचाल मांजर अगदी जशीच्या तशी शिकतं, याचा हा पुरावा मानला गेला. १९७९ साली मूर आणि स्टटर्ड यांनी तीच मांडणी पुन्हा करून पाहिली, पण दार उघडत नव्हतं आणि खाऊही नव्हता. मांजरं तरीही दांडीला घासत राहिली, फक्त समोर माणूस दिसत असेल तेव्हाच. माणूस नजरेआड झाला की घासणं बंद. पहिल्या प्रयोगात माणसं समोर बसून बघत होती, आणि मांजरं त्यांना आपल्या पद्धतीनं रामराम करत होती. हात पोचत नव्हते म्हणून दांडीला.

तेव्हा स्वयंपाकघरात मनी पायात येते ती मुळात तुम्हाला भेटायला. तुम्ही त्या वेळी दूध दिलंत, दुसऱ्या दिवशीही दिलंत, तर ती भेट नि दूध यांची सांगड घालते आणि मग खरंच खाण्यासाठी येऊ लागते. भुकेची पारख करायची असेल तर जेवण झाल्यावर तासाभरानं बघा. पोट भरलेलं असतानाही ती शेपटी उभी करून पायाशी येत असेल, तर ते भूक नाही. हातात गरम भांडं असताना ती पायात येणं मात्र धोक्याचं आहे, विशेषतः सासूबाईंसाठी. स्वयंपाकाला लागण्याआधी तिला ठरल्या वेळी खायला घाला आणि ओट्याशी असताना काही देऊ नका. आठवड्या-दोन आठवड्यांत ओट्याजवळची गर्दी कमी होते.

सासूबाईंची शंका मी गंभीरपणे घेते, कारण आपल्या भागात कानातल्या किडीची मांजरं खूप येतात. खूण लावणं आणि खाजवणं यांत फरक असा. खूण लावणारी मांजर आधी हुंगते, दोन्ही गाल वापरते, हलक्या हातानं सरकत जाते, शेपटी वर असते, आणि लगेच दुसरीकडे वळते. खाजेनं बेजार झालेली मांजर एकच बाजू दाबून दाबून रगडते, मध्येच थांबून मागच्या पायानं तीच जागा ओरबाडते, डोकं झटकते. मनीचे कान उजेडात धरून आत बघा. कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट चुरा दिसला तर किडीची शक्यता मोठी. कानाच्या कडांवर जाड राखाडी खपल्या असतील तर ती खरूज, ती माणसालाही खाज आणते. हनुवटीखाली काळे ठिपके म्हणजे तिथल्या ग्रंथी तुंबल्यात. एकाच बाजूनं चावत असेल, लाळ गळत असेल तर दात बघायला हवेत. यांतलं काहीही दिसलं तर तिला दवाखान्यात न्या.

इथे मला हात जोडून एक सांगायचंय. गोठ्यात बैल-म्हशींच्या गोचिडांसाठी जे औषध पाण्यात कालवून मारतात, ते मांजराच्या अंगाला लावू नका. त्यात बहुधा सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असतं. गुरांना ते चालतं, पण मांजराला थरथर सुटते, झटके येतात आणि ते मरूही शकतं. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडाच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, त्यांचंही तसंच. पावसाळ्यात अशी मांजरं माझ्याकडे येतात. सगळी वाचत नाहीत.

आणखी एक दृश्य आहे, जे घासण्यासारखं दिसतं पण घासणं नाही. मांजर भिंतीला कपाळ टेकवून, दाबून, न हलता उभं राहतं. गाल सरकत नाही, शेपटी उभी नाही, हाक मारली तरी वळत नाही. हे मेंदूच्या किंवा यकृताच्या गंभीर त्रासाचं लक्षण असतं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. तुमच्या वर्णनावरून मनीचं असं काही वाटत नाही, पण फरक माहीत असावा. ऑपरेशन न झालेली मांजरी माजावर आली की तीही जमिनीवर लोळते, सगळीकडे घासते, रात्रभर ओरडते. मनीचं ऑपरेशन झालंय म्हणून ते कारण बाजूला ठेवते.

आता "बंद कसं करायचं" याकडे येते. बंद करू नका असं मी का म्हणते, ते एका घरावरून सांगते. भुसावळच्या एका कुटुंबानं जुनं घर सोडून नव्या कॉलनीत घर बांधलं. वास्तुशांतीला सगळं फर्निचर नवं घेतलं, जुन्या गाद्यासुद्धा देऊन टाकल्या. त्यांचा बोका चार वर्षांचा, ऑपरेशन झालेला, जुन्या घरात कधीही घाण न करणारा. नव्या घरात पहिले आठ दिवस तो प्रत्येक कोपऱ्याला घासत सुटला. घरच्यांनी नवं पॉलिश जपायला सकाळ-संध्याकाळ पुसायला घेतलं, आणि सोफ्याजवळ दिसला की हाकलायला. दुसऱ्या आठवड्यात त्यानं सोफ्याच्या बाजूला पाठ केली, शेपटी थरथरवली आणि उभ्यानं लघवीची पिचकारी मारली. मग कपाटावर, मग पडद्यावर. ते मला विचारायला आले होते की याला शेतावर सोडून द्यायचं का.

मी आधी त्याची लघवी तपासली. बोक्यात मूत्रमार्ग अडकण्याचा धोका असतो, आणि लघवीला बसून जोर करतोय पण थेंबही येत नाही अशी अवस्था असेल तर तासातासाचा प्रश्न असतो. त्याचं तसं नव्हतं, लघवी स्वच्छ होती. मग चित्र स्पष्ट झालं. मांजर अनोळखी जागा आपलीशी करायला आधी गाल वापरतं. ती खूण बसू दिली नाही, भीती टिकून राहिली, तर ते दुसऱ्या, जास्त तीव्र खुणेकडे वळतं, ती म्हणजे लघवी. आणि जिथे गालाची खूण पक्की बसते, तिथे मांजर सहसा लघवी मारत नाही. पुढच्या सगळ्या उपायाचा पाया हाच आहे.

त्यांना मी सांगितलं की पिचकारीच्या जागा कपड्याच्या पावडरीच्या कोमट पाण्यानं धुवा, साध्या पाण्यानं काढा, पूर्ण वाळवा. ब्लीच नको, लघवीत मिसळलं की त्यातून घातक वाफ निघते. मग एक मऊ, धुतलेलं सुती फडकं घ्या, ते साबणाच्या वासाचं नको. बोका स्वतःहून जवळ येईल तेव्हा त्याच्या गालांवरून, ओठांच्या कोपऱ्यावरून हलकेच फिरवा. तेच फडकं सोफ्याच्या, कपाटाच्या कडांवर त्याच्या नाकाच्या उंचीला टिपा. रोज एकदा, धरून-बांधून नाही. जुन्या घरातली एक वाकळ कुणाकडे तरी उरली होती, ती न धुता त्याच्या झोपायच्या जागी टाकायला लावली. आणि कोपरे पुसणं पूर्ण बंद. पाचव्या दिवसानंतर तो टिपलेल्या जागांवर स्वतः गाल लावू लागला. पिचकाऱ्या लगेच थांबल्या नाहीत, पडद्यावर मध्ये दोनदा झाल्या. तीन आठवडे होत आले तेव्हा थांबल्या. सोफ्याच्या एका कोपऱ्यावर तपकिरी डाग राहिला, तो त्यांनी राहू दिला.

या स्रावाच्या तिसऱ्या प्रकाराची कृत्रिम नक्कल भिंतीच्या प्लगमध्ये लावायच्या डिफ्यूझरमध्ये मिळते. मी ती काही घरांत वापरली आहे. काही मांजरांना उपयोग झाला, काहींना नाही, आणि ती महाग आहे. मनीसाठी मी आत्ता ती सुचवणार नाही, तिच्या स्वतःच्या गालावर फुकट उपलब्ध आहे.

तुमच्या घरात असं करा. मनीच्या आवडीचे तीन-चार कोपरे निवडा, बहुधा दाराची चौकट, कपाटाची कड आणि पलंगाचा पाय असतील, आणि त्यांना महिनाभर अजिबात हात लावू नका. बाकीचे डाग आठवड्यातून एकदा भांड्यांच्या साबणाच्या अगदी पातळ पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा, मग साध्या ओल्या फडक्यानं. सगळे एकाच दिवशी पुसू नका. डाग डोळ्यांना खुपत असेल तर त्या कोपऱ्याला वीतभर उंचीवर बारदानाचा तुकडा बांधा, किंवा बुटाचा नवा ब्रश चौकटीला ठोका, केस बाहेर येतील असा. मांजराला खरखरीत कड गुळगुळीत रंगापेक्षा जास्त आवडते. तिच्या गालावरून फिरवलेलं फडकं त्यावर दोन-तीन दिवस टिपलंत की ती तिथे वळेल आणि तुमचा रंग वाचेल.

ती पायाशी आली की उचलून घेऊ नका, त्या वेळी तिला ते नको असतं. वाकून हात तिच्या नाकापुढे धरा आणि थांबा. ती स्वतः गाल लावेल. मग डोळा-कानाच्या मधली जागा, गाल, हनुवटी इथे बोटानं चोळा. पोटाला हात नको. अर्धा मिनिट पुरतं, मग ती आपल्या वाटेनं जाते.

दिवाळीची साफसफाई आता तोंडावर आहे. या वेळी एक खोली आधी करा, ती झाल्यावर तीन-चार दिवसांनी दुसरी. मनीचं अंथरूण आणि तिचे ते ठरलेले कोपरे शेवटपर्यंत तसेच ठेवा. रंगाचा वास असेपर्यंत तिला जुन्या वासाच्या खोलीत राहू द्या. दिवाळीनंतरही घासणं चार आठवड्यांत उतरलं नाही, किंवा तिनं कुठे उभ्यानं लघवी मारली, तर तिचे कान आणि लघवी दोन्ही तपासून घ्या. आणि डॉक्टरांना घरात काय काय बदललं तेही न विसरता सांगा.